छत्री, माळ आणि अर्धी गोळी

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ या १९५५ सालच्या चित्रपटात दुर्गा गेल्यानंतरची एक सकाळ आहे. तिचा धाकटा भाऊ अपू दात घासतो, आपले केस आपणच विंचरतो आणि घराबाहेर जायला निघतो. जाता जाता त्याची नजर आभाळाकडे जाते. तो मागे फिरतो, छत्री घेतो आणि जातो. प्रसंग एवढाच आहे. याच मुलाला आधी शाळेत जाताना घरच्या बायकांनी तयार करून दिलेलं आपण पाहिलेलं असतं. दुर्गा पावसात मनसोक्त भिजली, तिला ताप भरला आणि त्याच आजारपणात ती गेली, हेही नुकतंच पाहिलेलं असतं. अपू रडत नाही. त्याला जवळ घेऊन कुणी समजावत नाही. एका लहान मुलानं छत्री घेतली, इतकंच पडद्यावर घडतं, आणि पाहणाऱ्याला बसल्या जागी गलबलून येतं.

दुःखाच्या प्रसंगात वस्तू वापरा, असं नव्या कथालेखकाला सांगितलं की तो हार घातलेला फोटो आणतो, रिकामी आरामखुर्ची आणतो, खुंटीवरची साडी आणतो. पात्राला तो या वस्तूंसमोर उभं करतो आणि त्याला त्यांच्याकडे बघत ठेवतो. वाचक मात्र हलत नाही. या वस्तू दुःखासाठीच घडवल्यासारख्या असतात. हार दिसला की वाचकाला पुढचं ठाऊक असतं, मग त्याला शोधायला काही उरत नाही. छत्रीचं तसं नाही. छत्रीचं काम पावसापासून वाचवणं, आणि अपूही ती त्याच कामासाठी घेतो. तो बहिणीची आठवण म्हणून छत्रीला हात लावत नाही. पावसाचं काय होऊ शकतं हे आता त्याला कळलंय आणि घरात त्याची काळजी वाहणारं एक माणूस कमी झालंय, हे दोन्ही आपण आपल्या मनात जुळवतो. ती जुळवणी वाचकानं किंवा प्रेक्षकानं स्वतः केली म्हणूनच ती त्याला लागते.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. छत्रीच्या प्रसंगातलं बळ त्या प्रसंगात नाहीच. ते पावसात भिजणाऱ्या दुर्गेच्या दृश्यात आहे, शाळेत जाणाऱ्या अपूच्या तयारीत आहे. म्हणजे न रडणाऱ्या माणसाच्या दुःखाचा प्रसंग मृत्यूच्या कितीतरी पानं आधी लिहावा लागतो. मृत्यूनंतर लेखकानं नवी वस्तू काढली तर ती कितीही सुंदर असो, वाचकाच्या लेखी तिला काही इतिहास नसतो.

त्याच चित्रपटातली माळ हे याचं आणखी मोठं उदाहरण. शेजारणीच्या मुलीची मण्यांची माळ चोरल्याचा आळ दुर्गेवर येतो. ती नाही म्हणते. आई संतापून तिला केसांना धरून फरपटत घराबाहेर काढते. पुढे दुर्गा जाते, घर मोडतं, कुटुंब काशीला निघतं. सामानाची बांधाबांध चाललेली असताना अपूला फळीवरच्या एका भांड्यात तीच माळ सापडते. म्हणजे चोरी तिनंच केली होती. तो माळ घेऊन धावत तळ्यावर जातो आणि पाण्यात भिरकावतो. शेवाळ्याचा थर फाटतो, मध्ये काळं पाणी दिसतं आणि थर पुन्हा मिटत येतो.

मूळ कादंबरीत, बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या १९२९च्या पुस्तकात, ही वस्तू शेंदराची लहानशी सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात फेकतो. वस्तू बदलली, जागा बदलली, तरी कृतीचा सांगाडा तोच राहिला. बहिणीचं गुपित कुणाच्या हाती लागू नये म्हणून भाऊ पुरावा नाहीसा करतो. या कृतीला स्वतःचा हेतू आहे, थोडी घाई आहे, पकडलं जाण्याची भीतीही आहे. ‘मला दीदीची आठवण येते’ असं ती कृती म्हणत नाही. ती म्हणते, ‘दीदीला कुणी चोर म्हणू नये.’ मेलेल्या माणसासाठी अजून काहीतरी करायचं शिल्लक आहे, आणि ते करता येतं, अशी ही कृती आहे. मला वाटतं, रडण्यापेक्षा ती अधिक बोलते, कारण रडणं रडणाऱ्याविषयी असतं आणि हे सगळं दुर्गेविषयी आहे.

चेखवनं १८९२ साली लिदिया अविलोवा या लेखिकेला तिच्या कथांबद्दल लिहिताना सल्ला दिला होता की दुर्दैवी माणसांचं चित्र काढून वाचकाला कळवळा आणायचा असेल तर लेखकानं स्वतः थोडं थंड राहावं. त्यामुळे त्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते आणि ते उठून दिसतं. या सल्ल्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. लेखक थंड होण्याऐवजी पात्राला थंड करतो. मग पात्र दगडासारखं बसून राहतं, खिडकीबाहेर बघतं, आणि पुढचं वाक्य येतं, ‘त्याच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.’ या वाक्यात डोळे आले, पाणी आलं, टिपूस आला. रडणंच आलं, फक्त नकार लावून. लेखकाची थंडी वाक्याच्या स्वरात हवी. पात्र मात्र कामात हवं, हात चालू हवेत.

आता एक प्रसंग सुरुवातीपासून रचून पाहू. अण्णा निवृत्त आहेत, माई त्यांची बायको. माई बुधवारी रात्री गेली. आपल्याला लिहायचाय तो त्यानंतरचा रविवार, सुतकातला चौथा दिवस. मुलगा आणि सून आलेले आहेत, जेवण शेजाऱ्यांकडून येतंय.

पहिल्यांदा सुचतात त्या वस्तू बाजूला ठेवायच्या. दिवा, फोटो, चष्मा, साडी. सुतकातले विधीही शक्यतो मध्यभागी आणायचे नाहीत. पिंडाला कावळा शिवत नाही आणि सगळे ताटकळत उभे आहेत, हा प्रसंग मराठी वाचकाच्या मनात इतका पक्का बसलाय की त्याची प्रतिक्रियाही तयार असते. मग शोधायची अशी वस्तू, जिच्यात त्या दोघांचा रोजचा व्यवहार आहे आणि जिच्यात काळ मोजलेला आहे. मी सात कप्प्यांची गोळ्यांची डबी घेईन. माईला रक्तदाबाची गोळी रोज अर्धी. दर रविवारी रात्री अण्णा ब्लेडनं गोळ्या अर्ध्या करून आठवड्याचे कप्पे भरतात.

हे कथेत आधी यायला हवं, तेही हलक्या सुरात. अण्णांना गोळी बरोबर मधोमध कापता येत नाही. एक तुकडा मोठा होतो, एक बारका. माई दर वेळी कुरकुरते, ‘एका दिवशी जास्त, एका दिवशी कमी. माझं प्रेशर काय तुमच्या ब्लेडला विचारून चढणार का?’ वाचक हसतो आणि पुढे जातो. त्यानं लक्षात ठेवलं पाहिजे असा आग्रह लेखकानं इथे दाखवायचा नाही. नंतर दहा-बारा पानांत ती डबी एकदा ओझरती दिसली की पुरे.

मग लेखकानं कागद घेऊन हिशेब करायचा. सात दिवसांना सात अर्धुकं, म्हणजे चार गोळ्या कापल्या आणि एक अर्धुकं उरलं, ते अण्णांनी पुडीत जपून ठेवलं. पहिल्या गोळीचे तुकडे सोमवार-मंगळवारचे, दुसरीचे बुधवार-गुरुवारचे, तिसरीचे शुक्रवार-शनिवारचे, चौथीचा एक रविवारचा आणि एक पुडीत. बुधवारची गोळी माईनं घेतली होती. म्हणजे डबीत आता चार तुकडे आहेत, पुडीत पाचवा. शुक्रवार आणि शनिवारचे एकमेकांना जुळतील. रविवारचा पुडीतल्याशी जुळेल. गुरुवारच्या तुकड्याला जोड नाही. त्याची जोड माईनं बुधवारी घेतली.

हा हिशेब हाती आल्यावर प्रसंग जवळजवळ आपोआप उभा राहतो.

रविवारी आठच्या बातम्या संपल्यावर अण्णांनी टीव्ही बंद केला आणि फडताळातून डबी काढली. ब्लेड काढलं, स्टीलची ताटली पालथी घातली. गुरुवारचा कप्पा उघडला, मग शुक्रवारचा. चारही तुकडे त्यांनी ताटलीवर ओतले. पुडी सोडून पाचवा त्यांच्या शेजारी ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून ते तुकड्याला तुकडा लावून बघू लागले. दोन जुळले. ते बाजूला झाले. आणखी दोन जुळले, एकाची कड जरा वाकडी होती तरी. पाचवा त्यांनी एकेकाशी पुन्हा लावून पाहिला. मग ताटली उचलून खाली बघितलं. पुडीचा कागद झटकला.

‘अण्णा, पानं घेतलीत,’ सून दारात आली.

‘आलो.’

ते खाली वाकले आणि फरशीवरून तळवा फिरवू लागले.

‘काय पडलं?’

‘अर्धी गोळी होती. इथंच असेल.’

‘तुम्ही नका वाकू, मी बघते.’ तिनं पदर खोचला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि ती पलंगाखाली शिरली. ‘कसली गोळी? तुमची?’

‘पांढरी आहे. बारकी.’

‘इकडे नाहीये. फडताळाखाली बघू का?’

‘बघ,’ अण्णा म्हणाले आणि त्यांनी फडताळ सरकवायला हात लावला.

माझा प्रसंग इथे थांबेल. अण्णांना हिशेब ठाऊक आहे की नाही, हे मी सांगणार नाही. सगळ्या वाचकांना तो उलगडेल असंही नाही. ज्याला उलगडेल त्याला कळेल की दोघं जण घरात नसलेली वस्तू शोधतायत. ज्याला उलगडणार नाही त्यालाही एवढं दिसेल की जिच्यासाठी गोळ्या कापायच्या ती नाही आणि हा माणूस त्या जुळवत बसलाय. दोन्ही वाचन चालतात. पण लेखकाचा हिशेब चुकला, जोड सापडण्यासारखी असली, तर पहिल्या वाचकाची फसवणूक होते. म्हणून कागदावरचा तो हिशेब करायलाच हवा, जरी त्यातला एक आकडाही कथेत छापला जाणार नसला तरी.

सुनेचं येणं या प्रसंगात फार उपयोगाचं आहे. एकट्या माणसाची कृती लवकर विधीसारखी दिसू लागते. तो हळूहळू करतो, लेखक हळूहळू लिहितो, आणि सगळ्याला एक पवित्र शांतता येते. दुसरं माणूस साध्या कामासाठी आलं की कृतीला खीळ बसते, काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात पात्र काय लपवतं ते कळतं. अण्णा ‘तिची गोळी’ म्हणत नाहीत. ‘कसली गोळी? तुमची?’ या प्रश्नाला ते रंग सांगतात, आकार सांगतात. प्रसंगातलं सगळ्यात मोठं वाक्य तेच आहे आणि त्यात मुद्द्याचं काही नाही.

याच डबीवरून दुसरा प्रसंगही सुचला होता. अण्णा न उघडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या परत करायला औषधाच्या दुकानात जातात, दुकानदार बिल मागतो, कापलेली पट्टी परत घेता येणार नाही म्हणतो. दुकानदाराला काही माहीत नसणं, पैशाचा व्यवहार असणं, हे सगळं चांगलं आहे. पण तिथे ‘काकू बऱ्या आहेत ना?’ हा प्रश्न टाळणं अवघड जातं. तो प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर दिलं की प्रसंग बातमी सांगण्याचा होतो. लेखकानं प्रश्न मुद्दाम अडवून धरला तर दुकानदार खोटा वाटतो. म्हणून मी तो सोडला.

कच्च्या खर्ड्यात काय बिघडतं ते आता सहज दिसेल. सगळ्यात जास्त बिघडतं ते शेवटच्या ओळीत. ‘आता कुणासाठी कापायच्या होत्या गोळ्या?’ अशी ओळ लिहायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण वाचकाला कळलं नाही तर काय, ही भीती असते. ती ओळ झाकून वर वाचून पाहावं. प्रसंग तिच्याशिवाय उभा राहत असेल तर ती काढावी. उभा राहत नसेल तर ती ठेवूनही भागत नाही. मग दोष आधीच्या पानांत असतो. डबी पुरेशी रुजलेली नसते, आणि दुरुस्ती तिकडे करावी लागते.

दुसरी चूक शरीरातून येते. डोळ्यांतलं पाणी काढलं तरी लेखक थरथरते हात ठेवतो, आवंढा ठेवतो, दातांखाली दाबलेला ओठ ठेवतो. ही सगळी रडण्याचीच मागची दारं आहेत. अण्णांचा हात थरथरला तर वाचक हाताकडे बघेल, गोळीकडे बघणार नाही. क्रियेच्या आधी लावलेली विशेषणंही तपासावीत. ‘हळुवारपणे’, ‘जड अंतःकरणानं’, ‘यांत्रिकपणे’ हे शब्द काढले की वाक्य उघडं पडतं आणि तेच हवं असतं. भावना दिसायची असेल तर ती कृतीच्या क्रमातून दिसावी. एखादी गोष्ट गरजेपेक्षा जास्त काटेकोर केली, भलत्याच वेळी केली, पुन्हा केली किंवा अर्धी सोडली, की वाचक थबकतो. अण्णा पाचवा तुकडा एकेकाशी पुन्हा लावतात, तेवढंच पुरतं.

तिसरी चूक म्हणजे वस्तूंची गर्दी. डबी चांगली जमली की लेखकाला माईची काठीही आठवते, चपलाही आठवतात. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूचं वजन कमी करते, कारण वाचकाला कळून चुकतं की लेखक गोळा करत सुटलाय.

अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर लेखनाच्या विद्यार्थ्यांना एक अभ्यास देत असे. युद्धात मुलगा गमावलेल्या माणसाच्या नजरेनं धान्याच्या कोठाराचं वर्णन करा, पण मुलगा, युद्ध, मृत्यू यांतलं काही नाव घेऊ नका. अभ्यास म्हणून तो उत्तम आहे, कारण नजर कुठे थांबते आणि कशावरून घसरते हे त्यात शिकायला मिळतं. मात्र कथेत नेमकं हे करायला गेलं तर अडचण होते. कुणी मेलंय हेच वाचकाला माहीत नसेल तर तो कोडं सोडवत बसतो आणि कोडं सोडवणारा माणूस हळहळत नाही. कोण गेलं, कधी गेलं, हे साध्या वाक्यात आधी सांगून टाकावं. ‘माई बुधवारी रात्री गेली.’ मग पुढे गप्प राहायला जागा मिळते.

एक अगदी वेगळा मार्ग कॅथरीन मॅन्सफील्डच्या १९२२ सालच्या ‘द फ्लाय’ या कथेत आहे. तिचा भाऊ १९१५ मध्ये बेल्जियममध्ये लष्करी प्रशिक्षणातल्या अपघातात मारला गेला होता. कथेतल्या मालकाचा मुलगा युद्धात गेलाय, त्याला सहा वर्षं झालीत. मालकाला रडायचं आहे. तो अर्धा तास कुणाला आत सोडू नका म्हणून सांगतो, रडायला बसतो, आणि रडू येत नाही. इतक्यात दौतीत पडलेली माशी दिसते. तो तिला बाहेर काढतो, ती पंख साफ करते, मग तो तिच्यावर शाईचा थेंब टाकतो, पुन्हा टाकतो, ती मरेपर्यंत. नंतर तो नवा टीपकागद मागवतो आणि आपण कशाचा विचार करत होतो ते त्याला आठवत नाही. माशी आधी रुजवलेली नाही, तिला काही इतिहास नाही, आणि तरीही कथा उभी राहते, कारण तिथे दुःख मृताकडे वळलेलं नाही. ते क्रूर झालंय आणि समोर सापडेल त्यावर उतरलंय. अशा दुःखाला कुठलीही वस्तू चालते. प्रेमाच्या दुःखाला मात्र तीच एक वस्तू लागते.

मराठी घरात न रडणाऱ्या पात्राला आणखी एक गोष्ट सोसावी लागते, आणि ती आपल्या कथांत फार कमी येते. आपल्याकडे मृत्यूच्या घरी रडणं हे घरच्यांचं आणि गावाचं मिळून काम असतं. बायका गळ्यात पडून मेलेल्याचे गुण आठवून मोठ्यानं रडतात, आणि एखादी कोरड्या डोळ्यांनी बसली की जाणत्या बायका आपसांत म्हणतात, ‘तिला रडवा गं, नाहीतर छातीवर बसेल.’ मग तिच्यासमोर मुद्दाम मेलेल्याची गोष्ट काढली जाते, त्याचा सदरा पुढे आणला जातो. म्हणजे वस्तू इथे लेखकाआधी शेजारणीनंच आणलेली असते. अशा प्रसंगात पात्र रडत नाही याला साक्षीदार आहेत, त्यांची कुजबुज आहे, दडपण आहे. तिच्या मांडीवर सदरा टाकल्यावर ती त्याच्या तुटलेल्या बटणाकडे बघून ‘सुई आणा’ म्हणाली, तर खोलीतल्या दहा बायकांचं काय होतं, कोण गप्प होतं, कोण चिडतं, कोण उठून खरंच सुई आणतं, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. आणि जिला रडवायला त्या बसल्यात ती खरोखरच रडेल अशी बाई असेल, कथेत तिचा स्वभाव तसा आलेला असेल, तर तिला रडू द्यावं. ‘पथेर पांचाली’त सर्वजया रडतेच. नवऱ्यानं दुर्गेसाठी आणलेली साडी हातात आल्यावर ती कोसळते, आणि राय तिथे तिचा आवाज काढून घेऊन त्या जागी तारशहनाईचा सूर ठेवतात. अपूला छत्री, आईला साडी. एकाच घरातल्या एकाच मृत्यूची ही दोन माणसं आहेत, आणि दोघांना एकाच मापाचा प्रसंग बसला नसता.